एकाच संवादाचे सगळे शॉट जोडले, तर ताई आणि दादा दोघेही उजवीकडेच बघताहेत. काही वाचवता येईल का?

कृष्णाकाठची
नमस्कार. आम्ही सांगलीतल्या काही जणांनी मिळून एक लघुपट करायला घेतलाय. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग म्हणजे बहीण-भावाचं घर विकण्यावरून झालेलं बोलणं. जानेवारीत हरिपूरला एका जुन्या घराच्या ओसरीवर तो एका दिवसात शूट केला. कॅमेरा एकच, त्यामुळे तोच संवाद सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतला. ताई झोपाळ्यावर, दादा समोर खुर्चीत, मध्ये स्टुलावर चहा आणि भडंगाची ताटली.

सकाळी दोघांचा मास्टर घेतला, मग ताईचे क्लोज आणि दादाच्या खांद्यावरून तिचं सजेशन. हे सगळं अंगणातून. जेवणानंतर दादाचे क्लोज घ्यायला गेलो, तर कॅमेऱ्याची आणि माझी सावली थेट त्याच्या मांडीवर पडायला लागली. म्हणून कॅमेरा उचलून आत भिंतीकडे नेला आणि तिथून त्याचे चार शॉट घेतले. मॉनिटरवर चित्र फार सुरेख दिसत होतं, मागे उजळलेलं अंगण आणि तुळशीवृंदावन.

आता एडिटला लावल्यावर कळतंय की ताईही उजवीकडे बघतेय आणि दादाही उजवीकडेच. दोघं एकमेकांशी बोलताहेत असं वाटतच नाही, शेजारी बसून तिसऱ्याच कुणाकडे बघताहेत असं वाटतं. लाइन चुकलीय हे कळतंय, पण दुपारनंतरचं सगळंच टाकून द्यावं लागणार का? दादाचं काम करणाऱ्याने दुसऱ्या नाटकासाठी केस बारीक केलेत, त्यामुळे पूर्ण प्रसंग पुन्हा करणं अवघड आहे.

नाट्यवेडा
ताई, सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीता स्वयंवर' केलं. आपल्या मातीत याचं उत्तर आहे. कॅमेरा म्हणजे प्रेक्षक. नाटकाचा प्रेक्षक तिकीट काढून एकदा खुर्चीत बसला की उठून विंगेत जात नाही. तुम्ही प्रेक्षकाला अंगणातून उचलून भिंतीला नेऊन बसवलंत, तिथे चुकलं. अंगण सोडायचंच नव्हतं. दुपारचं सगळं रद्द करून पुन्हा अंगणातूनच घ्यावं लागेल.

दिलीप_रेकॉर्डिंग
लाइन चुकली असेल तर डबिंगमध्ये दुरुस्त होते की. आमच्याकडे माईक आहे, कलाकाराला आणा, अर्ध्या तासात ओळी बदलून देतो.

कृष्णाकाठची
दिलीपदादा, संवादाची ओळ नाही चुकली. दोन माणसांच्या मधून जी रेष जाते, जिच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा असतो, ती ओलांडली गेली. आवाज ठीक आहे. तसं झोपाळ्याच्या कड्यांच्या आवाजाबद्दल तुम्हालाच विचारायचंय, पुढे विचारते.

संकलक_मिरजवाला
काही रद्द करू नका, थांबा. आधी दोन गोष्टी सांगा. ओसरी कोणत्या दिशेला आहे आणि कोण कुठे बसलं होतं? आणि प्रसंगात कुणी उठतं का? मी बावीस वर्षं एडिटला बसतोय. अशा तक्रारीत निम्मे शॉट बरोबर निघतात, फक्त कोणते ते आपल्याला कळत नसतं.

कृष्णाकाठची
ओसरी पूर्व-पश्चिम लांब. उत्तरेला घराची भिंत, दक्षिणेला अंगण. ताईचा झोपाळा पश्चिमेच्या टोकाला, तिचं तोंड पूर्वेला. दादा पूर्वेला, तोंड पश्चिमेला.

हो, उठते. साधारण मध्यावर ताई "या घे किल्ल्या" म्हणून उठते, दादाच्या शेजारून जाते आणि पूर्वेकडच्या दाराशी उभी राहते. दादा खुर्चीतच वळून तिच्याकडे बघतो. तिथून शेवटपर्यंतचे दोघांचेही शॉट दुपारनंतर, भिंतीकडूनच घेतलेत. तेही सगळे टाकायचे असं आम्ही ठरवत होतो.

संकलक_मिरजवाला
मग ऐका. कागदावर काढून बघा म्हणजे पटेल.

अंगणात उभं राहून ओसरीकडे बघितलं की पश्चिम डावीकडे येते. म्हणजे मास्टरमध्ये ताई फ्रेमच्या डावीकडे, लुक उजवीकडे. दादा उजवीकडे, त्याचा लुक डावीकडे यायला हवा. भिंतीला पाठ लावून अंगणाकडे बघितलं की पश्चिम उजवीकडे जाते. दादा पश्चिमेला बघतोय, म्हणून त्याचा लुक उजवीकडे आला. तुमची चूक ती हीच, आणि ती त्या चार शॉटपुरतीच आहे.

ताई उठून पूर्वेला गेली की जागांची अदलाबदल होते. आता ती पूर्वेला आणि तिचं तोंड पश्चिमेला. भिंतीकडून बघितलं तर ती फ्रेमच्या डावीकडे, लुक उजवीकडे. दादा वळून पूर्वेला बघतोय, त्याचा लुक डावीकडे. म्हणजे किल्ल्यांनंतरचे शॉट आपापसात अगदी चोख जुळतात. वर ताई पहिल्यापासून जशी उजवीकडे बघतेय तशीच शेवटपर्यंत उजवीकडे बघते. नाट्यवेडा, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण नाटकाचा रंगमंच जमिनीला खिळलेला असतो, ही रेष तशी नसते. ती दोघांच्या नजरेतून जाते. माणसं हलली की तीही हलते किंवा तिची टोकं बदलतात. "अंगणातूनच घ्या" हा नियम पाळून किल्ल्यांनंतरचा भाग अंगणातून घेतला असता, तर ताईचा लुक मध्येच डावीकडे झाला असता. तेही चाललं असतं, पण तिचं चालणं पडद्यावर दाखवावंच लागलं असतं.

आता तुमच्याकडे सांधा हवा. ताई उठते तो शॉट कुठून घेतलाय?

कृष्णाकाठची
मास्टरमध्ये तिचं पूर्ण चालणं आहे, अंगणातून. शिवाय एक शॉट आमच्या कॅमेरामनने हौसेने घेतला होता. दादाची खुर्ची बाजूला करून तिच्या जागी कॅमेरा ठेवला. ताई झोपाळ्यावरून उठते, सरळ कॅमेऱ्याकडे येते आणि शेजारून निघून जाते. उपयोग नाही म्हणून बाजूला ठेवलाय.

संकलक_मिरजवाला
तो शॉट देवाने दिलाय असं समजा. कॅमेरा नेमका रेषेवर आहे आणि ताई तोंडावर येतेय, म्हणून तिची डावी-उजवी बाजू उरतच नाही. त्याच्या आधी अंगण आणि नंतर भिंत लावलीत तरी डोळ्याला धक्का बसणार नाही. मास्टरमधलं तिचं चालणं मात्र वापरू नका. ते दाखवलंत की ती फ्रेमच्या उजवीकडे जाऊन थांबते आणि पुढच्या शॉटला डावीकडे उगवते. ती झोपाळ्यावरून उठायला लागली की लगेच समोरच्या शॉटवर या. उठण्याची सुरुवात दोन्हीत आहे ना? मांडीवरचा हात झोपाळ्याच्या फळीवर टेकून वजन वर येतं, त्या क्षणाला कापा.

भिंतीकडून दादा वळतो तो शॉटही नीट बघा. सुरुवातीला तो अजून पश्चिमेला, म्हणजे उजवीकडे बघत असेल. तेवढी सुरुवात काढून टाका. मान वळायला लागल्यानंतरची पहिली फ्रेम घ्या.

अंतरपाट_स्टुडिओ
वा, छान चर्चा. लग्नाच्या शूटिंगमध्ये आमचं हेच होतं. मंगलाष्टकांना एक कॅमेरा मांडवात आणि दुसरा मी भटजींच्या मागून घेतो. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरी, एका बाजूला नवरा. दोन्ही कॅमेरे जोडले की नवरी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. गिऱ्हाईक कधी बोललं नाही, पण मला खटकतं. भटजींच्या मागचा कॅमेरा बंदच करावा का?

संकलक_मिरजवाला
बंद कशाला? तिथे अंतरपाट आणि भटजी प्रत्येक फ्रेममध्ये असतात, त्यामुळे बघणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते लगेच कळतं. गडबड होते ती क्लोजला, जिथे फक्त एक चेहरा असतो. मागचा कॅमेरा रुंदच ठेवा. नवरा-नवरीचे एकेकटे चेहरे मात्र एकाच कॅमेऱ्याचे लावा. अंतरपाट धरायच्या आधी दोघं एकमेकांकडे बघत नसतात, तेव्हा कुठूनही घ्या.

वाईचा_पोऱ्या
मी वाईला घाटावरच्या शूटिंगला लाइटवाल्यांबरोबर दोन वर्षं होतो. एक सोपा उपाय आहे, दादाचे ते चार शॉट एडिटमध्ये आडवे उलटे करा. आरशात दिसतं तसं. उजवीकडचा लुक डावीकडे जाईल, विषय संपला. मोठ्या सिरियलवालेपण करतात.

संकलक_मिरजवाला
विषय संपेलच असं नाही, पण करून बघायला काही लागत नाही. ताईचे शॉट मात्र चुकूनही उलटवू नका. पदर उजव्या खांद्यावर जाईल आणि नथ उजव्या नाकपुडीत. आपल्याकडच्या प्रेक्षकाला काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण ही बाई आपल्यातली नाही असं त्याला वाटेल. दादाचे उलटवून नीट तपासा आणि इथे लिहा: खिसा, घड्याळ, हात.

कृष्णाकाठची
चारही उलटवून पाहिले. दादाच्या डोक्यावर गांधी टोपी आहे, त्यामुळे भांगाचा प्रश्नच आला नाही. पहिले दोन अगदी घट्ट क्लोज आहेत, गळ्याच्या खाली काही दिसत नाही. ते ताईच्या शॉटला लावले आणि पहिल्यांदाच दोघं बोलायला लागले. खरं सांगते, अंगावर काटा आला.

तिसऱ्यात शर्टाचा खिसा उजवीकडे गेला आणि त्यात पेन आहे, लगेच दिसतं. चौथ्यात "सातबारा बघितलास का तू?" या वाक्यावर दादा भडंग उचलून तोंडात टाकतो. उलटवल्यावर तो डाव्या हाताने खातोय. माझी आई शेजारी बसली होती. तिला लुक, रेष काही माहीत नाही. तीच म्हणाली, "हा डावरा कधी झाला?"

नाट्यवेडा
मी माझं म्हणणं थोडं बदलतो. रेष माणसांच्या नजरेतून जाते हे पटलं. पण एक शंका. ओझू नावाचे जपानी दिग्दर्शक ही रेष सर्रास ओलांडायचे असं वाचलंय. मग तिथे प्रेक्षक का गोंधळत नाही? हे सगळं सवयीचंच नाही का?

संकलक_मिरजवाला
सवय काही अंशी आहेच. पण ओझूंचा कॅमेरा बोलणाऱ्याच्या जवळजवळ समोर असायचा, नजर लेन्सच्या अगदी कडेला. चेहरा पूर्ण समोरून दिसतो, त्यामुळे डावा-उजवा फरक फार थोडा उरतो. शिवाय ते कॅमेऱ्याची उंची खाली आणि सारखी ठेवायचे. तिथे बघणाऱ्याला शॉटमध्ये साम्य सापडतं. इथल्या शॉटमध्ये दादा पाऊण चेहऱ्याने आहे, नजर लेन्सपासून बरीच लांब. अशा वेळी दिशा फार ठळक दिसते. पहिल्या शॉटपासून ठरवून केलेलं वेगळं आणि सावली टाळायला जेवणानंतर केलेलं वेगळं.

सुजाता_कंटी
मी कंटिन्युइटी बघते, थोडं माझंही ऐका. ती सावली आली तेव्हा कॅमेरा हलवायची गरज नव्हती, दादाला हलवायचं होतं. क्लोजमध्ये जमीन दिसत नाही. त्याची खुर्ची उचलून ओसरीत आत सावलीला घ्यायची, भिंतीजवळ. त्याचा लुक कॅमेऱ्याच्या डावीकडे राहील अशी बसवायची, आणि ताईला कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला लेन्सला चिकटून बसवून क्यू द्यायला सांगायचं. झोपाळा तिथे आहे की नाही हे कुणाला दिसतंय? आम्ही याला चीट करणं म्हणतो आणि रोज करतो. प्रेक्षकाला जमीन दिसत नाही, फक्त पडदा दिसतो.

क्यू कोण देत होतं तुमच्याकडे? दादाच्या शॉटला ताई समोर होती का?

कृष्णाकाठची
नव्हती. तेवढ्या वेळात ती घरी जाऊन आली. माझी मैत्रीण वही घेऊन वाचत होती, उभी राहून.

सुजाता_कंटी
मग दादाचा लुक वरही असेल. ताई झोपाळ्यावर बसलेली, मैत्रीण उभी. बघा, पापण्या वर उचललेल्या दिसतील. डावं-उजवं दुरुस्त झालं तरी त्यामुळे दोघांची नजर भिडणार नाही.

कृष्णाकाठची
आत्ता बघितलं. बरोबर आहे. पहिल्या दोन शॉटमध्ये तो बोलताना भडंगाच्या ताटलीकडे बघतो म्हणून कळत नाही. तिसऱ्यात स्पष्ट वर बघतोय. म्हणजे तिसरा आणि चौथा नव्यानेच घ्यावे लागणार.

सुजाता_कंटी
दोनच शॉटचं पॅचवर्क, अर्ध्या दिवसाचंही काम नाही. हरिपूरला जायचीही गरज नाही. मास्टरमध्ये दादाच्या मागे काय आहे?

कृष्णाकाठची
निळसर चुन्याची भिंत आणि लाकडी खांबाचा थोडा भाग.

सुजाता_कंटी
तशी भिंत कुणाच्याही जुन्या घरात मिळेल. आता मी कसं करते ते लिहिते. ताईच्या क्लोजला कोणती लेन्स होती, कॅमेरा किती फुटांवर आणि जमिनीपासून किती उंचीवर, हे आधी शोधा. लिहिलं नसेल तर ताईच्या फ्रेममध्ये डोक्यावर किती जागा आहे आणि खाली कुठे कापलंय ते बघून जुळवा. दादाला तितकाच मोठा ठेवा. तो एकदम जवळून दिसला तर वजन त्याच्या बाजूला जातं. तुमचा प्रसंग तर ताईचा आहे.

टोपी त्याच कोनात. कल्ले बारीक झाले असतील तर टोपी किंचित खाली ओढा आणि त्याची डावी बाजू कॅमेऱ्याकडे पूर्ण येऊ देऊ नका. पेन खिशात, त्याच रंगाचं. भडंगाची ताटली त्या वाक्याला मास्टरमध्ये किती भरलेली आहे ते थांबवून बघा. भडंग, चहा, उदबत्ती या तीन गोष्टी कुणाचंही ऐकत नाहीत. मी चहाच्या पेल्याला बाहेरून पेन्सिलची बारीक खूण करते आणि प्रत्येक टेकआधी तिथपर्यंत भरते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात कोणत्या शब्दावर हलतो. वाक्यावर नाही, शब्दावर. "सातबारा" म्हणताना घास हातात आहे की "बघितलास" म्हणताना, हे मास्टरवरून लिहून घ्या आणि कलाकाराला तेवढंच सांगा. बाकी अभिनय त्याचा त्याला करू द्या. टेक सुरू करताना ताईच्या आधीच्या दोन वाक्यांपासून सुरू करा आणि आपलं वाक्य संपल्यावर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा. कापायला जागा तिथेच मिळते.

वाईचा_पोऱ्या
लाइटचं मी सांगतो. सकाळी ताईच्या तोंडावर ऊन समोरून असणार, जानेवारीत सकाळचा सूर्य आग्नेयेला. दुपारी भिंतीकडून घेतलेल्या दादाच्या गालावर सावली आणि मागे फटफटीत अंगण. उलटवलेल्या दोन शॉटमध्ये हा फरक राहणारच. नव्या दोन शॉटला समोरून थर्माकोलने उजेड मारला तर आधीच्या दोनशी जुळणार नाही, नाही मारला तर ताईशी जुळणार नाही. माझं मत, चारही नव्याने घ्या.

संकलक_मिरजवाला
मी ते उलटवलेले दोन ठेवीन. सहज झालेला अभिनय पुन्हा मिळत नाही, आणि घट्ट क्लोजला मागचं अंगण धूसर आहे. उजेडाचा फरक रंग जुळवताना थोडा कमी करता येतो.

सुजाता_कंटी
मला वाईच्या पोऱ्याचं पटतंय. मागे एकदा उजळ अंगण आणि एकदा निळी भिंत, असं एकाच माणसामागे चार वाक्यांत दिसलं तर ते लुकपेक्षा जास्त टोचेल. चारही घ्या, मग एडिटला ठरवा.

दिलीप_रेकॉर्डिंग
आता मला कळलं काय चाललंय. झोपाळ्याचं बोला.

कृष्णाकाठची
हो. ताईच्या शॉटमध्ये कड्या कुरकुरतात, दादाच्या शॉटमध्ये झोपाळा रिकामा होता म्हणून एकदम शांतता. प्रत्येक कटला आवाज बंद-चालू होतो. शिवाय झोपाळा पूर्व-पश्चिम हलतो. तिच्या एका टेकला पुढे असतानाचा आणि दुसऱ्याला मागे असतानाचा तुकडा जोडला की ती एकदम हलल्यासारखी दिसते.

दिलीप_रेकॉर्डिंग
आवाज सोपा आहे. त्याच घरी जाऊन ताईच्या वजनाचं कुणीतरी झोपाळ्यावर बसवा आणि दोन मिनिटं नुसत्या कड्या रेकॉर्ड करून आणा. बोलायचं नाही, पंखा बंद. ते संपूर्ण प्रसंगाखाली सलग पसरायचं, दादाच्या शॉटखाली जरा हळू. ताई उठली की तो झोपाळा रिकामा हलून हळूहळू थांबतो, तोही आवाज घ्या. तिची जागा सुटली हे त्यातून ऐकू येईल.

संकलक_मिरजवाला
हे मी लिहायला हवं होतं. चित्रासाठी, झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थांबतो तिथेच कापा, दोन्ही टेकमध्ये त्याच टोकाला. पुढच्या वेळी ताईला एक पाय जमिनीला टेकवून बसवा आणि फक्त ठरलेल्या एका वाक्याला हलू द्या.

कृष्णाकाठची
मनापासून आभार. रविवारी मिरजेत आत्याच्या जुन्या घरी दादाचे चारही शॉट घेतोय, भिंत बरीचशी तशीच आहे. ताई स्वतः येऊन क्यू देणार आहे, स्टुलावर बसून. तिचे डोळे झोपाळ्यावर जितक्या उंचीला होते तितक्या उंचीला येतील एवढं आम्ही स्टुलाखाली विटा ठेवून मोजलंय. कड्यांचा आवाज शनिवारी आणते. उलटवलेले दोन ठेवायचे की नवे, ते दोन्ही जोडून इथेच टाकते.

अंतरपाट_स्टुडिओ
दोन्ही टाका. आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे येणारी ताई पण बघायचीय.